दरमहा शेकडा दहा : या दराचा हिशेब

ऊस कारखान्याला गेल्यावर, कांदा बाजारात विकल्यावर किंवा रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाल्यावर शेतकऱ्याच्या हाती एकरकमी पैसा येतो. तो कोठे ठेवावा, हा प्रश्न त्याच वेळी उभा राहतो आणि त्याच वेळी गावात एखादा मनुष्य असा निरोप घेऊन येतो की, एक लाख रुपये ठेवल्यास दरमहा दहा हजार रुपये बिनचूक मिळतील व मुद्दल कायम राहील. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव तालुक्यात नेमके हेच घडले. शेअर बाजारात व्यवहार करून दरमहा शेकडा दहा व त्याहूनही अधिक परतावा देण्याचे वचन देऊन अनेकांनी गावोगावी रकमा गोळा केल्या. काही काळ हप्ते मिळाले. पुढे ते थांबले आणि २०२४ साली एकामागून एक चालक कार्यालये बंद करून निघून गेले. त्यानंतर पोलिसांत गुन्हे नोंदविण्यात आले.

अशा वेळी चालक लबाड होता एवढेच बोलले जाते. परंतु चालक मनाने प्रामाणिक असता तरीही ही योजना टिकली नसती. तिचा दोष माणसाच्या आधी दरातच आहे. तो दर कसा तपासावा, हे या पाठात दाखविले आहे.

दर वर्षावर आणून पाहणे

परताव्याचा दर महिन्याच्या भाषेत सांगितला की तो लहान दिसतो. म्हणून पहिले काम हे की तो शाळेत शिकविलेल्या रीतीने, म्हणजे दरसाल दर शेकडा, मांडावा. दरमहा शेकडा १० म्हणजे दरसाल शेकडा १२०. दर महिन्याचा परतावा न उचलता मुद्दलातच मिळवीत गेल्यास एका वर्षात १ लाखाचे सुमारे ३ लाख १४ हजार होतात. तीन वर्षांत सुमारे ३१ लाख आणि पाच वर्षांत ३ कोटींहून अधिक.

आता याच्या शेजारी माहितीतील दर ठेवावेत. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेतही दरमहा ठराविक रक्कम मिळते. एप्रिल २०२३ पासून तिचा दर दरसाल शेकडा ७.४ ठेवण्यात आला. या दराने १ लाखावर महिन्याला सुमारे ६१७ रुपये मिळतात. म्हणजे ठराविक मासिक प्राप्ती ही कल्पना वाईट नाही. ६१७ च्या जागी १०,००० येतात तेव्हा मात्र विचारावे लागते की उरलेले ९,३८३ रुपये कोठून येणार.

शेअर बाजारातून, असे उत्तर मिळते. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक १९७९ साली १०० धरण्यात आला होता. मार्च २०२४ अखेर तो सुमारे ७३,६५० होता. पंचेचाळीस वर्षांतील ही वाढ थक्क करणारी वाटते, पण हिशेब केल्यास ती दरसाल सुमारे शेकडा १६ पडते, म्हणजे महिन्याला सव्वा टक्क्याच्या आसपास. तीही दरमहा सारखी आलेली नाही. एकट्या २००८ सालात हा निर्देशांक निम्म्याहून खाली आला. जो पैसा बाजारात आहे त्याचा परतावा दरमहा ठराविक असू शकत नाही. आणि जो परतावा दरमहा ठराविक येतो, तो बाजारातून येत नसावा असा तर्क करणे योग्य ठरते.

यावर असे सांगण्यात येते की, ही साधी खरेदी-विक्री नसून वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार आहेत. या व्यवहारांची पाहणी बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाल्याचे तीत दिसून आले.

सावकाराची कसोटी

या जिल्ह्याला व्याजाचा हिशेब नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खाती व कर्जरोखे हिसकावून जाळले, तो उठाव दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. आजही कोणी दरमहा शेकडा तीन रुपयांनी कर्ज घेतले तर त्याचे घर बुडणार, असे गाव एकमुखाने म्हणते; कारण तेवढे व्याज देईल असे पीक नाही व धंदाही नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

ठेव घेणारा हा ठेवीदाराचा कर्जदारच असतो. दरमहा शेकडा तीन देणारा शेतकरी बुडतो, तर दरमहा शेकडा दहा देणारा चालक कसा तरेल? शिवाय त्याला खरोखर एवढी मिळकत होत असती, तर बँकेचे कर्ज दरसाल दहा-पंधरा टक्क्यांनी घेऊन त्याने सर्व नफा स्वतःकडेच ठेवला असता. वर्षाला १२० टक्के देऊन गावोगाव पैसे मागण्याचे त्याला कारण पडले नसते.

पिशवीचा हिशेब

आता चालकाची बाजू मांडून पाहू. समजा, १०० जणांनी प्रत्येकी १ लाख दिले. पिशवीत १ कोटी जमले. गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांना शेकडा ५ प्रमाणे ५ लाख दलाली गेली. उरले ९५ लाख. दरमहा परताव्याचे १० लाख आणि कार्यालय, गाडी, समारंभ व चालकाचा घरखर्च यांचे २ लाख, असे १२ लाख बाहेर जातात. सात महिन्यांत ८४ लाख गेले. आठव्या महिन्यात पिशवीत ११ लाख आहेत व गरज १२ लाखांची आहे. मधल्या काळात उरलेल्या रकमेवर महिन्याला एक टक्का मिळकत झाली असे धरले, तरी शेवट फार तर एक महिना पुढे जातो. पहिल्या सात महिन्यांत ठेवीदारांना जे मिळाले, ते व्याज नव्हते. त्यांचेच मुद्दल त्यांना थोडे थोडे परत दिले जात होते.

शेवट टाळण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे जुन्यांचे हप्ते नव्यांच्या पैशांतून देणे. परंतु नव्यांनाही पुढच्या महिन्यापासून हप्ता द्यावा लागतो. दलाली व खर्च शून्य धरले, तरी दरमहा ठेवीदारांची संख्या दहा टक्क्यांनी वाढत राहावी लागते. १०० चे पुढील महिन्यात ११०, नंतर १२१. वर्षाअखेर ३१४, दोन वर्षांनी ९८५, तीन वर्षांनी ३,०९१ आणि पाच वर्षांनी ३०,४४८. लाख रुपये बाजूला काढू शकणारी एवढी घरे साधारण तालुक्यात नसतात. शिवाय काही जण मुद्दल परत मागतात. त्यामुळे खरी मुदत याहून पुष्कळ कमी भरते. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९२० साली चार्ल्स पॉन्झी याने ४५ दिवसांत शेकडा ५० देण्याचे वचन देऊन हाच प्रकार केला व त्याच वर्षी तो कोसळला. तेव्हापासून अशा योजनांना त्याचे नाव पडले आहे.

नियमित हप्ता हा पुरावा का नव्हे

‘शेजाऱ्याला सहा महिने पैसे मिळाले’ हा गावातील सर्वांत मोठा युक्तिवाद असतो. वरील हिशेबावरून दिसेल की, सहा महिने पैसे मिळणे हे पिशवी अजून रिकामी न झाल्याचे लक्षण आहे, धंदा चालू असल्याचे नव्हे. याच विश्वासाने खरे नुकसान होते. समजा, एका शेतकऱ्याने ५ लाख ठेवले. सहा महिन्यांत त्याला ३ लाख मिळाले. खात्री पटल्याने त्याने ते ३ लाख व सोसायटीच्या पीककर्जातील २ लाख असे आणखी ५ लाख ठेवले. पुढील महिन्यात १ लाख मिळाले आणि नंतर हप्ते बंद झाले. त्याने एकूण १० लाख दिले, ४ लाख परत आले. नुकसान ६ लाखांचे झाले, आणि त्यातील २ लाखांचे पीककर्ज फेडावयाचे राहिले. पहिल्या ५ लाखांवरच तो थांबला असता, तर सातव्या महिन्याच्या हप्त्यासह त्याचे नुकसान दीड लाखावर थांबले असते.

पिशवी तळाला लागत असल्याची चिन्हे पुढीलप्रमाणे दिसतात. मुद्दल मागितल्यास ‘मुदत वाढवा, दर वाढवून देतो’ असे उत्तर येते. हप्ता काही दिवस उशिरा येतो व बँकेची अडचण सांगितली जाते. नवे ठेवीदार आणणाऱ्यास बक्षीस वाढते. नोटरीचा कागद किंवा पुढील तारखेचा धनादेश दाखविला जातो; परंतु कागद देणे मान्य असल्याचे सांगतो, देण्यास पैसा असल्याचे सांगत नाही.

ग्रामसेवकांनी काय करावे

अशी योजना गावात आल्याचे कळताच ग्रामसेवकांनी चालकाकडे दोन गोष्टी मागाव्यात : ठेवी स्वीकारण्याचा अधिकार कोणी दिला, आणि शेअर बाजाराचे नाव घेतले असल्यास सेबीचा नोंदणी क्रमांक कोणता. तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पडताळावा. नोंदणी खरी असली तरी नोंदणीकृत सल्लागारास किंवा दलालास ठराविक परताव्याची हमी देता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. अनधिकृत ठेवींची माहिती रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या संकेतस्थळावर देता येते.

हप्ता थांबला असल्यास वाट पाहू नये. पावत्या, करारनामा, बँक खात्याचा उतारा व संदेश जपून ठेवून पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्यावी. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ या कायद्याखाली चालकाची मालमत्ता जप्त करून ती विकण्याची व येणारी रक्कम ठेवीदारांत वाटण्याची तरतूद आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही २०१९ पासून आहे. मात्र वाटणी जी मालमत्ता सापडेल तिचीच होते. हप्त्यांत, दलालीत व खर्चात गेलेला पैसा जप्तीत सापडत नाही, आणि न्यायालयीन कामास वर्षे लागतात.

म्हणून पैसा देण्यापूर्वीच ग्रामसभेत किंवा बचतगटाच्या बैठकीत फळ्यावर पिशवीचा हिशेब मांडावा. सांगितलेला मासिक दर घ्यावा, त्यास बाराने गुणावे, आणि एवढे व्याज देऊन स्वतः कर्ज काढावयास गावातील कोणी तयार आहे काय, असे विचारावे. कोणीच तयार नसेल, तर त्या दराने ठेवही देऊ नये.