पाणी कुठून आलं?

गिरावीनमध्ये घर घेतलं की घराचा विमा येतो आणि विम्यासोबत जाडजूड इंग्रजी पुस्तिका येते. तिला पीडीएस म्हणतात. ती वाचताना ‘एक्सक्लूजन’ हा शब्द शोधा. एक्सक्लूजन म्हणजे अपवाद. ‘अमुक कारणाने नुकसान झालं तर आम्ही पैसे देणार नाही’, असं कंपनीने तिथे आधीच लिहून ठेवलेलं असतं.

समजा, रात्रभर धो धो पाऊस पडला आणि सकाळी हॉलमध्ये पाणी साचलं. कार्पेट आणि सोफा मिळून ९,००० डॉलरचं नुकसान झालं. आता पैसे मिळणार का? ते पाणी कुठून आलं, यावर ठरतं.

वाऱ्याने छपराचं कौल उडालं आणि तिथून पाऊस आत आला, तर ते ‘स्टॉर्म’, म्हणजे वादळ. हे बहुतेक पॉलिसींत धरलेलं असतं.

ओढ्याचं पाणी काठ सोडून घरात शिरलं, तर ते ‘फ्लड’, म्हणजे पूर. २०११ च्या क्वीन्सलँडच्या पुरानंतर गोंधळ झाला, कारण प्रत्येक कंपनीची पुराची व्याख्या वेगळी होती. म्हणून २०१२ साली सरकारने घराच्या विम्यासाठी एकच व्याख्या ठरवली : नदी, ओढा, तलाव, कालवा किंवा धरण यांतून बाहेर पडलेल्या पाण्याने एरवी कोरडी असणारी जमीन झाकली जाणं. पण व्याख्या एक झाली म्हणून पुराचं संरक्षण सगळ्यांना मिळतंच असं नाही. काही पॉलिसींत ते वगळता येतं, हप्ता कमी होतो. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे तुमच्या नावाच्या ‘शेड्यूल’ या कागदावर बघा.

गंजलेल्या पन्हाळीतून महिनोन् महिने पाणी झिरपत होतं, तर ते ‘वेअर अँड टेअर’, म्हणजे झीज. हे जवळपास नेहमीच अपवादात असतं. म्हणून पन्हाळी साफ केल्याची, छप्पर दुरुस्त केल्याची बिलं आणि फोटो जपून ठेवा.

आपल्या उदाहरणात कारण वादळ निघालं असं धरू. ‘एक्सेस’ म्हणजे नुकसानीतला तुम्ही सोसायचा भाग. तो ७५० डॉलर असेल, तर हाती ८,२५० येतील.

कंपनीने ‘झीज आहे’ म्हणून नकार दिला तर? वादळात नुकसान झालं हे तुम्ही दाखवायचं, पण अपवाद लागू होतो हे कंपनीने दाखवायचं असतं. तेव्हा नकाराचं कारण आणि तज्ज्ञाचा अहवाल लेखी मागा. तरी पटलं नाही, तर आधी कंपनीकडेच तक्रार करा. तिथे सुटलं नाही, तर ‘आफ्का’ या तक्रार संस्थेकडे जा. तिथे ग्राहकाला फी नसते.

सराव
१. तुमच्या शेड्यूलवर एक्सेस किती आहे?
२. शेजारचा ओढा भरून वाहिला आणि गॅरेजमध्ये पाणी आलं. हे स्टॉर्म की फ्लड? कारण लिहा.