गोंगाटाचा वर्णपट

समजा, कर्वेनगरातील रस्त्याचा गोंगाट तुम्ही ८ सेकंद ध्वनिमुद्रित केलात. सलग मुद्रणावरून प्रत्येक वारंवारतेची शक्ती काढली, तर आलेख काटेरी येतो. प्रत्येक बिंदूतील चढउतार त्याच्या खऱ्या मूल्याएवढा असतो. मुद्रण लांबवले तरी तो घटत नाही.

पीटर वेल्च यांनी १९६७ मध्ये सुचवलेली रीत पाहा. एकेक सेकंदाचे, शेजाऱ्यावर निम्मे येणारे १५ तुकडे पाडा. प्रत्येकाची टोके हळूहळू शून्यावर आणा. तेथे दबलेला भाग शेजारच्या तुकड्याच्या मध्यावर येतो. मग वर्णपटांची सरासरी काढा. चढउतार सुमारे २६ टक्के उरतो.

मात्र सलग मुद्रणात वेगळे दिसणारे ५० आणि ५१ हर्ट्झचे सूर आता एकाच उंचवट्यात मिसळतात. ही चूक म्हणजे अभिनती. ती सरासरीने जात नाही. त्यासाठी तुकडेच लांब हवेत.