एक किडनी असलेल्या बाईने बीपीची वही का ठेवावी?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई भेटल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी भावाला किडनी दिली. मी विचारलं, "शेवटचं बीपी कधी मोजलं?" त्या म्हणाल्या, "मला काही त्रासच नाही, मग कशाला मोजू?"

नेमकी इथंच चूक होते. एक किडनी काढली की उरलेली थोडी मोठी होते आणि जास्त काम करू लागते. दोन्ही किडन्या मिळून जेवढं काम करत होत्या, त्याच्या साधारण सत्तर टक्के काम ती एकटी सांभाळते. रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं. जन्मतःच एक किडनी असलेल्यांचंही असंच असतं. पुष्कळांना ते दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केल्यावर कळतं. पण शिल्लक कमी असते. वाढलेलं बीपी ती शिल्लक हळूहळू खातं, आणि बराच काळ दुखत-खुपत काही नाही.

ताईंना घेऊन आम्ही उपकेंद्रावर गेलो. केळीच्या बागेतून उन्हात चालत आलेल्या, त्यामुळे पहिलं बीपी १५४/९६ आलं. सिस्टरने पाच मिनिटं शांत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर. मग १४६/९२ आलं. एका मोजणीवर ठरवायचं नाही, म्हणून आठवडाभर रोज मोजून वहीत लिहिलं. आकडे १४०/९० च्या वरच राहिले. एक किडनी असेल तर डॉक्टर साधारण १३०/८० च्या आत ठेवायला सांगतात.

डॉक्टरांनी वही पाहून विचारलं, "कुठली गोळी घेता?" तेव्हा कळलं, गुडघेदुखीसाठी ताई मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेत होत्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि बीपीही वाढवतात. ती गोळी बंद झाली. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. पापड, लोणचं, वरून मीठ कमी केलं. बीपीची एक गोळी सुरू झाली. महिन्याभराने वहीत १२८/८० लिहिलं गेलं. ताई म्हणाल्या, "आता गोळी सोडू का?" नाही. आकडा गोळीमुळे खाली आहे. डॉक्टर सांगतील तेव्हाच बदलायची.

वर्षातून एकदा तीन गोष्टी करायच्या: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. बीपी जास्त असेल तर ते आणखी लवकर-लवकर मोजायचं. क्रिएटिनिनचा आकडा शेजारणीशी ताडून पाहू नका, स्वतःच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडा. म्हणून जुने कागद फाईलमध्ये जपा. दिवस राहिले तर पहिल्याच नोंदणीला "मला एक किडनी आहे" हे सांगा. किडनी दिलेल्या बाईला गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शेतात जाताना पाण्याची बाटली सोबत असू द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस घ्या आणि उशीर न करता दवाखाना गाठा.

त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, "माझ्या मुलीला जन्मतः एकच किडनी. तिला कबड्डी खेळायचीय. पाठवू का?"

एक किडनी म्हणजे खेळ बंद, असं नाही. लांब उडी मारणाऱ्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, आणि २०२० मध्ये सांगितलं की त्यांना एकच किडनी आहे. पण लांब उडीत कोणी अंगावर येत नाही. कबड्डीत, कुस्तीत कुशीवर गुडघा किंवा कोपर बसू शकतो. असा मार लागून किडनी जाणं फार क्वचित घडतं, पण इथं दुसरी किडनी नाही. म्हणून धावणं, खो-खो, व्हॉलीबॉल खुशाल खेळू द्या. कबड्डी-कुस्तीआधी सोनोग्राफीचा कागद घेऊन डॉक्टरांना विचारा. किडनी जागेवर, बरगड्यांच्या आडोशाला आहे की खाली ओटीपोटात, यावर बरंच अवलंबून असतं. सायकलवरून पडूनही हँडल पोटात घुसतं, हेही लक्षात ठेवा.

खेळताना किंवा पडून कुशीत मार लागला आणि लघवी लालसर झाली, कुशीत दुखत राहिलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि एकच किडनी असल्याचं आधी सांगा. मुलीच्या क्रीडाशिक्षकांनाही हे माहीत असू द्या. मुलीचं बीपीही वर्षातून एकदा मोजा. फक्त लहान मुलांचे आकडे वय आणि उंचीप्रमाणे ठरतात, मोठ्यांचे आकडे त्यांना लावू नका.

गटात एक किडनी असलेली कोणी बाई किंवा मूल असेल, तर पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत बीपीची वहीही आणायला सांगा.