नांदुऱ्याच्या उन्हातलं चिलखत

दर १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाकडे माणसांचा लोंढा वाहतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, आणि काही गावांत ती पुन्हा तिथीने, म्हणजे फाल्गुनातल्या तापलेल्या उन्हात. या मिरवणुकांतल्या पोरांसाठी मी थ्रीडी प्रिंटरवर चिलखतं बनवतो. त्यातून हाती लागलेलं लिहितो आहे, ते मुख्यतः एकाच प्रकाराबद्दल : चारआइना. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक पत्रा, मध्ये चामड्याचे पट्टे. मुघल आणि दख्खनी सरदार अंगरख्यावर किंवा कड्यांच्या चिलखतावर हे घालत.

१. अंगाचा घेर चार पत्र्यांत पुरता झाकू नका.

इंटरनेटवरून उतरवलेलं छातीचं कवच सरळ मोठं-छोटं केलं की ते कुणालाच बसत नाही. उंची वाढवली की खांदाही रुंद होतो, आणि बगलेला कड घासते. चारआइन्यात ही अडचण मुळातच कमी आहे, कारण मापाचा फरक पट्टे सोसतात.

एका पोराचं उदाहरण घ्या. अंगरखा आणि आतली गादी घालून छातीचा घेर ९६ सेंमी. पुढचा-मागचा पत्रा २४-२४ सेंमी रुंद आणि बगलेचे १६-१६ धरले. बेरीज ८०. उरलेले १६ सेंमी चार फटींत वाटले की प्रत्येक फट ४ सेंमी. त्याने छाती भरून श्वास घेतला तेव्हा घेर १०१ झाला आणि फट सव्वापाच सेंमीवर गेली. पट्टा तेवढा सरकला, पत्रा जागचा हलला नाही. हाच संच १०४ घेराच्या गड्याला ६ सेंमीच्या फटीने बसतो आणि ९० वाल्याला अडीचच्या. फट २ सेंमीखाली आली की कडा एकमेकींवर आपटू लागतात, म्हणून त्याखालच्या मापासाठी पत्रेच अरुंद करावे लागतात.

माप घेताना त्याला ताठ उभं करून थांबू नका. दांडपट्टा फिरवताना उचलतो तसा हात उचलायला लावा, मोटारसायकलवर बसतो तसं बसवा. छातीच्या पत्र्याची खालची कड बसल्यावर मांडीला टेकता कामा नये, आणि बगलेच्या पत्र्याला वर हातासाठी खोलगट काप हवाच. जुन्या कारागिरांनी तो ठेवलेला आहे.

२. आधी फक्त एक पट्टी छापा.

घेर टेपने कळतो, वळण कळत नाही. म्हणून मॉडेलमधून छातीच्या सगळ्यात रुंद जागेची १ सेंमी उंचीची आडवी चकती कापून तेवढीच छापतो. पूर्ण पत्र्याला एका रात्रीहून जास्त वेळ लागतो, ही पट्टी चहा होईपर्यंत निघते. ती अंगरख्यावर धरली की मधोमध पोकळी राहते की टोकं टोचतात ते डोळ्यांना दिसतं. टोकं टोचली तर वळण उघडायचं, रुंदी वाढवायची नाही. दोन्हींत गल्लत झाली की पुढचं सगळं माप बिघडतं.

हातावरच्या दस्तान्याला अशा दोन पट्ट्या लागतात, कोपराखाली आणि मनगटाशी. तिथे खरी अडचण मनगटाची नसून पंजाची असते. मनगट १७ सेंमीचं असलं तरी बोटांच्या सांध्यांपाशी पंजा २२ भरतो. म्हणून मनगटाला घट्ट बसणारी बंद नळी हातात जातच नाही. जुन्या दस्तान्यांत मनगटाच्या आतल्या बाजूला बिजागरीचा वेगळा तुकडा असे. तीच रचना घ्या.

३. पत्रा उभा छापा आणि नक्षी वेगळी.

माझ्या प्रिंटरचा बेड २२० मिमीचा, उंची २५० ची. २४ सेंमी रुंदीचा पत्रा त्यावर आडवा मावत नाही, पण उभा करून तिरका ठेवला तर मावतो, कारण कर्ण ३१० मिमीच्या आसपास आहे. उंची २७ सेंमी असेल तर दोन भाग करावे लागतात. काप नक्षीच्या पट्टीखाली लपेल अशा जागी घ्या आणि जोडाला आतून कापडाची पट्टी इपॉक्सीने चिकटवा. उभं छापल्यावर बाहेरच्या गोलाईवर पायऱ्या पडत नाहीत, फक्त बारीक रेषा राहतात, आणि त्या भरणं सोपं असतं. ३ मिमी जाडीचा असा पत्रा पाव किलोच्या आत-बाहेर भरतो.

किनारीची वेलबुट्टी मात्र पत्र्यासोबत छापू नका. पुट्टी आधी तिच्याच खाचांत जाऊन बसते. ती वेगळी छापून गुळगुळीत पत्र्यावर शेवटी चिकटवायची.

४. पुट्टीचं काम गाडीच्या गॅरेजात शिका.

मोटारीच्या पत्र्याला लावतात तीच दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी इथे चालते. आमच्याकडचा एक डेंटिंग-पेंटिंगवाला मला म्हणाला, “भाऊ, उन्हायात हार्डनर कमी टाका, अन् थोडी थोडीच कालवा. चटकन धरते ते.” डब्यावर साधारण शंभराला दोन असं प्रमाण असतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी मी त्याच्या निम्म्यावर येतो, आणि शक्यतो सकाळीच लावतो.

आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा खरवडून धूळ पुसायची, नाहीतर पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते. मग प्लास्टिकच्या पातीने अगदी पातळ हात ओढायचा. घासताना पेपरला गोळे चिकटले तर ती अजून ओली आहे, कोरडी भुकटी पडली तर तयार. यंत्राने घासू नका, घर्षणाच्या उष्णतेने खालचं प्लास्टिकच मऊ पडतं.

प्रायमरनंतर काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारून ३२० च्या वॉटर पेपरने पाण्याने घासा. जिथे काळं उरेल तिथे खड्डा आहे. बारीक छिद्रांना एन. सी. पुट्टी पुरते, पण तिने खोल खड्डा भरायचा नाही. ती वाळताना आक्रसते आणि काही दिवसांनी चिरते. हे सगळं मास्क लावून, उघड्यावर.

५. सामान उन्हाकडे पाहून निवडा.

पी.एल.ए. छापायला आणि घासायला सगळ्यात सोपं आहे, पण ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. बंद गाडीच्या मागच्या काचेखाली विदर्भाच्या उन्हात तेवढं तापमान सहज होतं, आणि गडद रंग दिलेला पत्रा हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. पट्ट्यांनी ताणलेला असेल तर तो भोकांपाशी आधी वाकतो. म्हणून पत्र्यांना पी.ई.टी.जी. वापरतो, ते ८० अंशांपर्यंत धरून राहतं. घासताना ते चिवट लागतं, तेवढी पुट्टी जास्त. ए.बी.एस. आणखी उष्णता सोसतं, पण उघड्या प्रिंटरवर एवढ्या मोठ्या तुकड्याचे कोपरे उचलतात.

६. जिथे अंग वाकतं तिथेच लवचीक.

९५ए कडकपणाचं टी.पी.यू. मी खांद्यावरच्या खवल्यांना आणि दस्तान्याच्या बिजागरीला वापरतो, दीड-दोन मिमी जाडीत. ते सावकाश छापावं लागतं, आणि पावसाळ्यात दमट झालेली तार आधी वाळवावी लागते, नाहीतर छापताना तडतडते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. त्याला पुट्टी लावू नका. पहिल्याच वाकवण्यात ती तडकते. तिथे थर जास्त बारीक ठेवायचा आणि लवचीक रंग द्यायचा.

पत्रे बांधायचे पट्टे मात्र टी.पी.यू.चे करत नाही. ओढ कायम राहिली की ते हळूहळू लांबतात. चामड्याचा २ सेंमी रुंद पट्टा, दर दीड सेंमीवर भोक, आणि पितळी बक्कल. पत्र्यातल्या भोकाला आतून वायसर लावा, म्हणजे ओढ एका बिंदूवर येत नाही. भोक कडेपासून दीड सेंमी आत हवं. त्याहून जवळ घेतलं तर पत्रा थरांच्या रेषेवरच फुटतो.