तुमची कॅप्शन कानाने वाचून बघितली का?



आज कॅप्शनबद्दल बोलू, पण लाइक वाढवायच्या दृष्टीने नाही. तुमची पोस्ट डोळ्यांनी न बघता कानाने ऐकणारा ग्राहकही असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीची अडचण असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद आहे. यातले बरेच जण आपल्यासारखाच स्मार्टफोन वापरतात. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक किंवा आयफोनमधलं व्हॉइसओव्हर स्क्रीनवरचा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवतं. यालाच स्क्रीन रीडर म्हणतात. हा ग्राहक पैसे द्यायला तयार असतो, पण तुमच्या पोस्टमधून त्याला किंमतच कळत नाही. मग तो पुढच्या दुकानात जातो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही खणाच्या कापडाच्या पर्स शिवून इन्स्टाग्रामवर विकता. पोस्ट अशी आहे:

```
✨🔥✨ 𝓝𝓮𝔀 𝓐𝓻𝓻𝓲𝓿𝓪𝓵 ✨🔥✨
लवकर बुक करा 👇👇👇
किंमत फोटोत बघा 💜💜
#khanpurseonline #handmadebagsindia
```

दिसायला छान आहे. आता ऐकून बघा. स्क्रीन रीडर इमोजीचं चित्र दाखवत नाही, त्याचं नाव वाचतो. म्हणजे सुरुवातच होते "स्पार्कल्स, फायर, स्पार्कल्स" अशी. पुढची नक्षीदार अक्षरं म्हणजे वेगळा फॉन्ट नाही, ती गणितात वापरायची चिन्हं आहेत. काही स्क्रीन रीडर त्यातलं एकेक अक्षर "मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एन" असं वाचतात, काही ती सरळ गाळून टाकतात. बोटाचं चिन्ह "बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग डाउन" होतं, तेही तीनदा. किंमत फोटोच्या आत लिहिलेली, म्हणजे ती ऐकू येईल याचा भरवसा नाही. एवढं ऐकूनही वस्तू पर्स आहे हे शेवटच्या हॅशटॅगपर्यंत कळत नाही.

आता एकेक गोष्ट दुरुस्त करू.

हॅशटॅग

इंग्रजी अक्षरांत हॅशटॅग लिहिताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा. `#khanpurseonline` हा स्क्रीन रीडरला एकच लांबलचक शब्द वाटतो आणि तो त्याचा काहीतरी विचित्र उच्चार करतो. `#KhanPurseOnline` लिहिलं की शब्द सुटे होतात. मोठ्या-लहान अक्षरांनी हॅशटॅग बदलत नाही, शोधणाऱ्याला दोन्ही एकाच ठिकाणी नेतात. म्हणजे यात तोटा काहीच नाही. एकच काळजी घ्या: टाइप करताना खाली जी सुचवलेली यादी येते, त्यावर बोट ठेवलं तर तुमची मोठी अक्षरं पुन्हा लहान होऊ शकतात. पोस्ट करण्याआधी एकदा बघून घ्या.

मराठी हॅशटॅगचं काय? देवनागरीत मोठं अक्षर नसतंच. जागा सोडली किंवा आडवी रेघ टाकली तर हॅशटॅग तिथेच तुटतो. तिथे अंडरस्कोर चालतो, उदाहरणार्थ `#खणाची_पर्स`. पण लक्षात घ्या, `#खणाचीपर्स` आणि `#खणाची_पर्स` हे दोन वेगळे हॅशटॅग आहेत. म्हणून एक ठरवा आणि कायम तोच वापरा. दोन छोटे शब्द जोडले असतील तर मराठी आवाज ते बहुतेक वेळा नीट वाचतो, तीन-चार शब्द असतील तर अंडरस्कोर टाकाच. आणि सगळे हॅशटॅग शेवटी ठेवा, वाक्याच्या मध्ये नको.

इमोजी

इमोजी बंद करा असं मी म्हणत नाही. माझा साधा नियम आहे: एका पोस्टमध्ये दोन, जास्तीत जास्त तीन, आणि तेही ओळीच्या शेवटी. शब्दाच्या जागी इमोजी नको. "फक्त 💜 रंगात" असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला "पर्पल हार्ट रंगात" ऐकू येतं. "जांभळ्या रंगात" लिहा, मग हवं तर पुढे हृदय टाका. यादी करताना प्रत्येक ओळीआधी हिरवी बरोबरची खूण टाकायची सवय अनेकांना आहे. पाच ओळी म्हणजे पाच वेळा "चेक मार्क बटन". त्यापेक्षा प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर लिहा, पुरे.

फोटोचं वर्णन

इन्स्टाग्रामवर फोटोला वेगळं वर्णन जोडता येतं. ते फोटोवर दिसत नाही, फक्त स्क्रीन रीडर वाचतो. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. पोस्ट टाकताना पुढच्या सेटिंग्जमध्ये `Write alt text` असा पर्याय असतो. जुन्या पोस्टला तीन टिंबांतून `Edit` मध्ये जाऊन फोटोवरच तो जोडता येतो. अ‍ॅप अपडेट झालं की पर्यायाची जागा बदलते, `alt text` हे शब्द शोधा.

तुम्ही काही लिहिलं नाही तर अ‍ॅप स्वतः अंदाज लावतं, पण "हँडबॅग आणि मजकूर असू शकतो" एवढ्यावर कोणी पर्स घेणार नाही. तुम्ही असं लिहा:

```
जांभळ्या खणाची आयताकृती पर्स, हिरवा काठ,
वर सोनेरी चेन आणि मनगटात अडकवायचा पट्टा.
```

सुरुवातीला "हा फोटो आहे" लिहायची गरज नाही, ते स्क्रीन रीडर आधीच सांगतो. "सुंदर", "आकर्षक" यातून काही दिसत नाही. रंग, आकार, काठ, चेन यातून दिसतं. एका पोस्टमध्ये चार फोटो असतील तर प्रत्येकाचं वर्णन वेगळं. किंमत आणि माप मात्र कॅप्शनमध्येच ठेवा, कारण ती माहिती सगळ्यांनाच हवी असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना हेच वर्णन फोटोखालच्या मजकुरात लिहा. आणि रीलमध्ये "ही बघा, अशी आहे" म्हणण्याऐवजी "ही जांभळी, हिरव्या काठाची" असं तोंडाने बोला.

आता आपली पोस्ट अशी होते:

```
खणाची जांभळी पर्स, नवीन आली आहे 💜
माप: ९ इंच लांब, ५ इंच उंच. मोबाइल सहज बसतो.
किंमत: ४५० रुपये, कुरिअर वेगळं.
ऑर्डरसाठी "पर्स" लिहून मेसेज करा.
#KhanPurse #HandmadeBagsIndia #खणाची_पर्स
```

पहिल्याच ओळीत वस्तू कळली. हे महत्त्वाचं आहे, कारण लांब कॅप्शन घडी होऊन सुरुवातच तेवढी दिसते. मराठी मजकूर देवनागरीतच ठेवला, कारण "navin aali aahe" असं लिहिलं तर इंग्रजी आवाज ते इंग्रजीसारखं वाचतो आणि अर्थ लागत नाही.

तपासायचं कसं?

फोनच्या सेटिंग्जमध्ये `Accessibility` मधून टॉकबॅक सुरू करा. आधी बंद कसं करायचं ते पक्कं करून घ्या: तिथेच शॉर्टकट चालू केला की आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक चालू-बंद होतं. टॉकबॅक सुरू असताना एका बोटाने उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, आणि निवडायला दोनदा टॅप करावं लागतं.

आता तुमची शेवटची पोस्ट उघडा, डोळे मिटा आणि ऐका. तीन प्रश्न विचारा: वस्तू कोणती, किंमत किती, ऑर्डर कशी करायची? एखाद्याचं उत्तर कानाने मिळालं नाही, तर तीच ओळ आज दुरुस्त करा. मग मागच्या दहा पोस्ट घ्या, एका दिवसात दोन-दोन. ज्या वस्तू अजून विकायच्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.