पाठ : लॉबीतली दुपार

मुलांनो, बहारीनमध्ये भर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर उन्हात काम करायला बंदी असते. बांधकामावरचे कामगार तेव्हा सावली शोधतात. पण आपण बेटावर राहतो. हवा इतकी दमट, की सावलीतही घाम वाळत नाही.

प्रसंग १

तुमच्या बिल्डिंगशेजारी बांधकाम चालू आहे. दुपारी एक कामगार तुमच्या लॉबीत एसीजवळ येऊन बसतो. वॉचमनकाका त्याला उठवतात. तुम्ही नेमके लिफ्टमधून बाहेर येता. काका हळूच म्हणतात, "मलाही वाईट वाटतं बाळा, पण परक्याला बसू दिलं तर माझी नोकरी जाईल." हा नियम तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या तक्रारीमुळे झाला. लॉबीतून त्यांच्या नातवाची सायकल चोरीला गेली होती.

तुम्ही काय कराल?

चर्चा अशी करा

चौघांचा गट करा. एकेकाने कामगार, वॉचमनकाका, आजी आणि 'तुम्ही' व्हा.

१. प्रत्येकाने दोन मिनिटं 'मी' म्हणून बोला. मध्ये कुणी बोलायचं नाही.

२. आता ऐकणाऱ्याने विचारा, "म्हणजे तुला असं वाटलं का?" बोलणारा 'हो' म्हणेल, नाहीतर चूक सुधारेल.

३. शेवटी सगळ्यांनी मिळून उपाय ठरवा. त्याचा त्रास कुणाला होईल, तेही सांगा.

दुसरी पायरी गाळू नका. समजा, तुम्ही कामगाराला विचारलंत, "तुला काकांचा राग आला का?" तो म्हणाला, "राग नाही आला. सगळ्यांसमोर उठवलं, त्याची लाज वाटली." बघा, आपला अंदाज चुकला! दुसऱ्याला काय वाटतं हे त्याच्या बाजूने समजून घेणं म्हणजे समानुभूती. ते समजायला विचारावं लागतं.

बोलताना 'बिचारा' हा शब्द आला की थांबा. ती दया झाली. आपण अजून लांबूनच बघतोय. 'काकाच वाईट' असं वाटलं तरी थांबा. काकांच्या जागी उभं राहायचं राहून गेलंय.

एक उपाय पाहू. बाबांना घेऊन मालकांकडे जायचं आणि दुपारपुरतं कामगारांना लॉबीत बसू देण्याची परवानगी मागायची. यात काकांची नोकरी सांभाळली जाते. आजींची भीती मात्र तशीच राहते, म्हणून आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. आणि परवानगी मिळायला आठवडा लागला, तर आज दुपारचं काय? यावर तुमच्या गटाने उत्तर शोधा.

प्रसंग २ (आता तुमची पाळी)

आपल्या ऑनलाइन वर्गात नवीन मुलगी म्हणाली, "मी काल आला." कुणीतरी चॅटमध्ये हसरा चेहरा टाकला. बाईंनी तो पाहिला नाही. टाकणारा तुमचा जिवलग मित्र आहे.

इथे कोणाकोणाच्या जागी उभं राहाल? तिला काय वाटलं असेल, याचा आधी अंदाज लिहा. मग गटात ती झालेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा. अंदाज कुठे चुकला, तेही वहीत लिहा.