आठ वाजता नेट रांगतं तेव्हा पैसे कुठे घालायचे?

दादरला पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या माझ्या भाचीचा ऑनलाइन क्लास संध्याकाळी साडेसातला असतो. बरोबर त्याच वेळी तिच्या फोनचं नेट अडकायला लागलं. रोजचा डेटा संपला असणार, असं समजून तिने ओळीने सहा संध्याकाळी वीसेक रुपयांचं जादा डेटाचं रिचार्ज मारलं. सव्वाशे रुपये गेले, क्लास मात्र अडखळतच राहिला. तिच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं, तर दीड जीबीपैकी जवळजवळ एक जीबी शिल्लकच होता. म्हणजे तिने विकत घेतलेली वस्तू तिला नकोच होती.

संध्याकाळी नेट मंदावण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक म्हणजे रोजची मर्यादा संपणं. तसं झालं की आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर आणला जातो. या वेगाने एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता मजकूर जातो, व्हिडिओ चालत नाही. दुसरं कारण गर्दी. टॉवरचा एक भाग आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनना मिळून ठरावीक क्षमता देतो. लोक स्टेशनवरून घरी परततात, व्हिडिओ लावतात, आणि तीच क्षमता शेकडो जणांत वाटली जाते. फोनवरच्या दांड्या तेव्हाही भरलेल्याच दिसतात, कारण त्या सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवतात, टॉवरवर किती भार आहे ते नाही.

ओळखायचं कसं? सगळ्यात आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आजचा शिल्लक डेटा पाहा. 50, 90 आणि 100 टक्के वापर झाल्याचे मेसेज येतात, तेही पाहा. मग `fast.com` किंवा ट्रायचं `MySpeed` अ‍ॅप लावून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा. एका चाचणीत बराच डेटा खर्च होतो, म्हणून उगाच वीस वेळा मोजू नका. आकडा दर वेळी 0.06 एमबीपीएसच्या आसपासच अडकलेला असेल, तर मर्यादा संपली आहे. ही स्थिती रात्री बारापर्यंत राहते आणि नवा दिवस लागताच वेग परत येतो. आकडा वरखाली होत असेल, तर गर्दी आहे. भाचीच्या फोनवर रात्री आठला 0.4, 1.8 आणि 0.9 असे आकडे आले. सकाळी साडेसहाला त्याच खोलीत 28. एवढ्यावर निदान पक्कं झालं.

मर्यादाच संपत असेल, तर जादा डेटाचं रिचार्ज उपयोगी आहे, पण अधूनमधून. आठवड्यातून तीनदा ते घ्यावं लागत असेल, तर महिन्याला अडीचशेच्या घरात जातं. दीड जीबीवरून दोन जीबीच्या प्लॅनवर जाण्याचा फरक साधारण 30 ते 60 रुपये असतो, तो घ्यावा. आणखी एक गोष्ट: अमर्याद 5जी मिळणाऱ्या प्लॅनमध्येही, घरात शिरल्यावर फोन 4जीवर उतरला की रोजच्या डेटातून कपात सुरू होते. मर्यादा अनपेक्षितपणे संपण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

गर्दी असेल, तर जादा जीबी घेणं म्हणजे तुंबलेल्या रस्त्यावर आणखी पेट्रोल भरणं. तिथे वाटच बदलावी लागते. फोन 5जीचा असेल आणि 4जीवर अडकला असेल, तर सेटिंगमध्ये 5जी सुरू करून पाहा. खिडकी किंवा रस्त्याची दुसरी बाजू गाठल्यावर कधीकधी फोन वेगळ्या टॉवरला जोडला जातो. भाचीच्या बाबतीत हे दोन्ही जमलं नाही. मग तिने मैत्रिणीच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनचं हॉटस्पॉट लावून ऐन आठ वाजता मोजलं: 11 एमबीपीएस. त्यानंतरच तिने त्या कंपनीचं दुसरं सिम घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या कंपनीचा टॉवरही तुमच्या गल्लीत तितकाच भरलेला असू शकतो.

नुसतं यूपीआय आणि मेसेज भागवायचे असतील, तर दुसऱ्या सिमवर 200 रुपयांच्या आसपासचा, 28 दिवसांत मिळून दोन जीबी देणारा प्लॅन पुरतो. यूपीआयची नोंद पहिल्या सिमवर असली तरी ते सिम फोनमध्ये ठेवून डेटा दुसऱ्यावरून चालवता येतो. क्लाससाठी मात्र रोजच्या डेटाचा प्लॅनच घ्यावा लागतो. म्हणून भाचीने मुख्य डेटा नव्या सिमवर नेला आणि जुनं सर्वांत स्वस्त रिचार्जवर ठेवलं.

तक्रार 198 वर करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि वेळेसह तीन दिवसांचे आकडे द्या. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. टॉवरची क्षमता वाढायला महिने लागू शकतात. तेवढं थांबायचं नसेल, तर `PORT` लिहून एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि 1900 वर पाठवा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झाले असतील, तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते.